गीताची गायनप्रत : पुनरावृत्ती, विभागनावे आणि श्वासखुणा

४.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण गीताच्या संहितेचा, म्हणजे कवीने लिहिलेल्या शब्दरूपाचा विचार केला. पुस्तकात छापलेले गीत वाचण्यासाठी असते. तेच गीत गायकासमोर ठेवायचे झाले की त्याच शब्दांची मांडणी वेगळी करावी लागते. या वेगळ्या मांडणीला आपण या घटकापुरते ‘गायनप्रत’ म्हणू आणि पुस्तकातील रूपाला ‘वाचनप्रत’. कार्यक्रमाची संहिता तयार करणारे, निवेदन लिहिणारे, शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी गीते टंकलिखित करून देणारे अशा अनेकांवर हे काम येते, आणि बहुधा ते भाषेच्या विद्यार्थ्यावरच येऊन पडते. कारण त्याचे शुद्धलेखन बरे असते असा समज असतो. शुद्धलेखन पुरेसे नाही, हे पुढील विवेचनावरून लक्षात येईल.

वाचक आणि गायक यांच्यातील मुख्य फरक वेळेचा आहे. वाचक अडला तर थांबू शकतो, मागे जाऊ शकतो. गायकाला ती मुभा नाही. ताल पुढे जात असतो. त्यामुळे गायनप्रतीतील प्रत्येक निर्णयामागे एकच कसोटी असते : गाताना गायकाचा डोळा वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे सरळ जात राहिला पाहिजे, कुठेही त्याला मागे, वर किंवा पान उलटून शोधायला जावे लागू नये. पुनरावृत्ती, विभागनावे आणि श्वासखुणा या तिन्ही गोष्टी याच कसोटीवर तपासावयाच्या आहेत.

४.२ एक गीत आणि त्याची नेहमीची प्रत

विवेचनासाठी एक छोटे गीत या घटकापुरतेच रचले आहे. त्याच्या प्रत्येक ओळीत सोळा मात्रा असून आठव्या मात्रेवर यती आहे. सर्वसाधारण टंकलेखक ते असे लिहून देईल :

विझला नाही दिवा तेवला (२)
उंबरठ्यावर तिने ठेवला ॥धृ॥

वारा आला सरी घेउनी
पाण्यामधुनी वाट काढुनी
तळहाताच्या आडोशाला
त्या ज्योतीने श्वास घेतला (२) ॥१॥
विझला नाही...

कोण यायचे ठाउक नव्हते
वाटेवरती पाउल नव्हते
तरी एकट्या काळ्या रात्री
तिनेच वातिस जीव लावला (२) ॥२॥
विझला नाही... (३)

या प्रतीत एकही शब्द चुकलेला नाही. तरीही ज्याने ही चाल आधी ऐकलेली नाही, अशा गायकासमोर ती ठेवली तर पहिल्या दोन ओळींतच तो संगीत दिग्दर्शकाला किमान तीन प्रश्न विचारील. हे प्रश्न कोणते, ते क्रमाने पाहू.

४.३ पुनरावृत्ती

पहिला प्रश्न कंसातील ‘२’ या अंकाचा. मराठीत शब्दापुढे किंवा ओळीपुढे दोनचा आकडा घालून द्विरुक्ती दाखवण्याची पद्धत जुनी आहे आणि वाचकाला तिचा त्रास होत नाही. परंतु गायकाच्या दृष्टीने ती दोन ठिकाणी संदिग्ध आहे. ओळीच्या शेवटी आलेला ‘(२)’ पूर्ण ओळीला लागू आहे, की यतीनंतरच्या अर्ध्या भागाला, म्हणजे ‘दिवा तेवला’ एवढ्यालाच? आणि अंतऱ्याच्या शेवटी आलेला ‘(२)’ केवळ शेवटच्या ओळीला लागू आहे, की शेवटच्या दोन ओळींना मिळून? भावगीतांत हे सर्व प्रकार आढळतात. शिवाय ‘(२)’ म्हणजे एकूण दोन वेळा, की एकदा गाऊन झाल्यावर आणखी दोन वेळा, हाही संशय राहतो. समूहगायनात हा संशय उघड ऐकू येतो. निम्मे गायक पुढच्या ओळीवर जातात आणि निम्मे त्याच ओळीवर परततात.

यावर उपाय साधा आहे. जेवढा भाग पुन्हा म्हणायचा तेवढाच चौकटी कंसात घालावा आणि कंस संपल्यावर ‘२ वेळा’ असे शब्दांत लिहावे. उघडणारा कंस इथे बंद होणाऱ्या कंसाइतकाच महत्त्वाचा आहे. परत कुठून सुरुवात करायची हे तोच सांगतो. ‘वेळा’ हा शब्द एकूण संख्या सांगतो, म्हणून ‘आणखी किती’ हा प्रश्न उरत नाही. काही जण गुणाकाराचे चिन्ह वापरून ‘×२’ असे लिहितात. ते टाळावे, असे आमचे मत आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या स्वरलेखनपद्धतीत ‘×’ ही समेची खूण आहे आणि शास्त्रीय संगीताचे शिक्षण घेतलेल्या गायकाच्या डोळ्याला तीच प्रथम दिसते.

दुसरा प्रश्न ‘विझला नाही...’ या टिंबांचा. अंतरा संपल्यावर मुखड्याकडे परतायचे, हे सांगण्यासाठी पहिला शब्द किंवा शब्दद्वय लिहून पुढे टिंबे देण्याची सवय आपल्याकडे सार्वत्रिक आहे. कागद वाचवण्यासाठी छापखान्यात ती रूढ झाली असावी. पण ती टिंबे नेमके काय सांगतात? मुखड्याची एकच ओळ गायची, की दोन्ही? पहिल्या ओळीची द्विरुक्ती परतताना पुन्हा करायची की नाही? बहुतेक चालींत मुखडा प्रथम पूर्ण विस्ताराने येतो आणि अंतऱ्यानंतर मात्र एकच ओळ एकदाच गाऊन वाद्यवृंदाकडे सोपवली जाते. टिंबांतून हा फरक कळत नाही. आणि गायकाने शंका आली म्हणून डोळे वर नेले, तर परत खाली येताना दुसऱ्या अंतऱ्याऐवजी पहिल्यावरच नजर स्थिरावण्याचा धोका असतो, कारण दोन्ही अंतरे दिसायला सारखेच असतात.

म्हणून पुढील नियम पाळावा. लगतची पुनरावृत्ती, म्हणजे म्हटलेला भाग तिथल्या तिथे पुन्हा म्हणायचा असेल, तर कंस वापरावा. दूरची पुनरावृत्ती, म्हणजे मध्ये दुसरे काही गाऊन मग परतायचे असेल, तर शब्द पूर्ण लिहून काढावेत. एक ओळ अधिक लिहावी लागते, एवढीच त्याची किंमत. याला एक पुस्ती जोडावी लागेल : लगतच्या पुनरावृत्तीतही दुसऱ्या वेळी शब्द बदलत असतील किंवा श्वासाची जागा बदलत असेल, तर कंस सोडून दोन्ही वेळा ओळ पूर्ण लिहावी. चाल थोडी बदलते एवढ्याने लिहून काढण्याची गरज नाही; ते गायक कानाने शिकलेला असतो.

शेवटचा ‘(३)’ सर्वांत घातक आहे. गीताच्या अखेरीस ‘दिवा तेवला’ हा तुकडा तीनदा म्हणून समेवर थांबायचे, असा येथे हेतू आहे. लिहिलेल्या प्रतीवरून मात्र पूर्ण मुखडा तीनदा म्हणायचा असा अर्थ निघतो. तबलावादक तिसऱ्या ‘तेवला’वर थांबेल आणि गायक दुसऱ्यांदा ‘विझला’ म्हणत असेल. गीताचा शेवट हा नेहमी, कितीही जागा लागली तरी, अक्षरशः लिहून काढावा.

४.४ विभागनावे

वाचनप्रतीत कडव्याचा क्रमांक कडव्याच्या शेवटी येतो : ॥१॥, ॥२॥. ही परंपरा पोथ्या आणि गाथा यांच्यापासून चालत आलेली आहे आणि तिथे ती योग्यच आहे. वाचून झाल्यावर आपण कुठवर आलो हे ती सांगते. गायकाला मात्र ही माहिती आरंभी हवी असते. वाद्यसंगीत संपत आले असताना त्याची नजर पुढच्या भागाचा मथळा शोधत असते. शेवटी टाकलेला क्रमांक त्याच्या काही उपयोगाचा नाही. म्हणून गायनप्रतीत विभागाचे नाव भागाच्या डोक्यावर किंवा डाव्या समासात लिहावे. डावा समास अधिक चांगला, कारण तिथे नाव शब्दांच्या रांगेत मिसळत नाही. ते गाण्याच्या शब्दांपेक्षा लहान अक्षरात आणि ठळक असावे. लहान यासाठी, की ते गाण्याचा भाग समजून कोणी म्हणू नये. हे हास्यास्पद वाटेल. पण बालगटांच्या समूहगीतात ‘कडवे दुसरे’ हे शब्द सुरात म्हटले गेल्याची उदाहरणे गायनशिक्षक हसत हसत सांगतात.

नावे कोणती वापरावीत? मराठीत एकाच भागाला अनेक नावे आहेत. भावगीताच्या व्यवहारात ‘मुखडा’ आणि ‘अंतरा’, कवितेच्या चर्चेत ‘ध्रुवपद’ आणि ‘कडवे’, ख्यालगायनात ‘स्थायी’ आणि ‘अंतरा’, भजनात ‘पालुपद’ हे शब्द रूढ आहेत. त्यांतील कोणताही संच घ्यावा, परंतु एका प्रतीत एकच. मुखड्याला वर ‘मुखडा’ आणि खाली ‘धृ.’ म्हटले तर त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा समज होतो.

अभंगाच्या बाबतीत विशेष सावधगिरी हवी. तुकारामांच्या छापील गाथेत पुष्कळ अभंगांच्या दुसऱ्या कडव्यापुढे ‘ध्रु.’ अशी खूण आढळते. आजच्या बैठकीत मात्र गायक बहुधा पहिल्याच चरणाला पालुपद करून त्यावर परत येतो. गाथेवरून प्रत उतरवून घेणाऱ्याने ‘ध्रु.’ जसाच्या तसा ठेवला, तर गायक कुठे परतणार याविषयी साथीदार आणि टाळकरी यांचा घोटाळा होतो. अशा वेळी गायनप्रतीत गाथेची खूण वगळावी आणि प्रत्यक्षात जो चरण पालुपद म्हणून घेतला आहे, त्यालाच ‘पालुपद’ असे नाव द्यावे. गाथेच्या पाठाशी आपण प्रतारणा करीत आहोत असे समजण्याचे कारण नाही. पाठ वाचनप्रतीत अबाधित आहेच. त्याचप्रमाणे अभंगाच्या चरणांमध्ये येणारा एकेरी दंड (।) ही छंदाची खूण आहे, श्वासाची नव्हे, तोही गायनप्रतीत ठेवू नये.

जिथे गायक गप्प असतो, त्या भागालाही नाव हवे. ‘संगीत’ एवढेच लिहून भागत नाही. किती वेळ, हे लिहावे. तालाच्या आवर्तनांत लिहिणे सर्वांत सोयीचे : ‘संगीत, ४ आवर्तने’. गायकाला मोजता येते आणि तो चौथ्या आवर्तनाच्या अखेरीस श्वास भरून तयार राहतो.

४.५ श्वासखुणा

आता या घटकातील सर्वांत नाजूक भागाकडे वळू. आपल्या गीताची पहिली ओळ पुन्हा पाहावी. ‘विझला नाही’ म्हणून श्वास घेतला आणि मग ‘दिवा तेवला’ म्हटले, तर दिवा तेवत राहिला असा अर्थ होतो. ‘विझला’ म्हणून श्वास घेतला आणि ‘नाही दिवा तेवला’ एका दमात म्हटले, तर दिवा विझला, तो तेवला नाही, असा नेमका उलट अर्थ श्रोत्यापर्यंत पोहोचतो. शब्द तेच, त्यांचा क्रमही तोच. कागदावर स्वल्पविरामाने हा प्रश्न सुटतो. गाण्यात तो केवळ श्वासाने सुटतो. म्हणून श्वासाची जागा ठरवणे हे वाक्यरचनेचे काम आहे आणि ते भाषेच्या जाणकाराने करावयाचे आहे.

मराठीत श्वास कुठे घेऊ नये, हे आधी ठरवले म्हणजे कुठे घ्यावा ते आपोआप स्पष्ट होते. नाम आणि त्याला जोडून येणारे शब्दयोगी अव्यय यांच्यामध्ये श्वास नको. षष्ठीचे रूप आणि ज्याच्याशी त्याचा संबंध आहे ते नाम यांच्यामध्ये नको. विशेषण आणि विशेष्य यांच्यात शक्यतो नको. क्रियापद आणि त्याचा नकार यांच्यात तर मुळीच नको. आता आपल्या पहिल्या अंतऱ्याची तिसरी ओळ तपासा : ‘तळहाताच्या आडोशाला’. छंदाचा यती नेमका ‘तळहाताच्या’नंतर पडतो. चालही तिथे क्षणभर विसावेल. गायकाची सहज प्रवृत्ती तिथेच श्वास घेण्याची असते आणि तीच इथे चूक आहे, कारण षष्ठी तुटते आणि ‘आडोशाला’ निराधार होतो. यती आणि अर्थ यांचा असा विरोध येईल तिथे खूण सर्वांत जास्त गरजेची असते. जिथे दोन्ही एकत्र पडतात तिथे गायक न सांगताही बरोबर थांबतो.

श्वास लागतो तो किती अंतरावर, हे तालावरून काढता येते. हे गीत केरव्यात बांधले असून अर्ध्या ओळीला आठ मात्रांचे एक आवर्तन, म्हणजे पूर्ण ओळीला दोन आवर्तने लागतात असे समजू. लय मिनिटाला ८० मात्रांची असेल, तर एक मात्रा पाऊण सेकंदाची होते. एक आवर्तन सहा सेकंदांचे आणि पूर्ण ओळ बारा सेकंदांची. बारा सेकंदांची ओळ एका श्वासात गाणे तयार गायकाला सहज जमते, पण दोन ओळी, म्हणजे चोवीस सेकंद, सलग म्हणायला लावणे अव्यवहार्य आहे. लय ६० वर उतरली की तीच ओळ सोळा सेकंदांची होते आणि नवख्या गायकाला मध्ये एक श्वास द्यावाच लागतो. म्हणून श्वासखुणा घालण्यापूर्वी लय ठरलेली असली पाहिजे; एका लयीसाठी केलेली प्रत दुसऱ्या लयीला चालेलच असे नाही.

श्वास घ्यायलाही वेळ लागतो, आणि तो वेळ कोणाच्या वाट्यातून काढायचा हा प्रश्न आहे. तो नेहमी आधीच्या अक्षरातून काढावा, पुढच्या नव्हे. ‘तेवला’मधील ‘ला’ चार मात्रा लांबत असेल, तर तो तीन मात्रांवर सोडून चौथ्या मात्रेत श्वास घ्यावा. पाऊण सेकंद त्याला पुरेसा आहे. उलट ‘ला’ पूर्ण लांबवून मग श्वास घेतला तर ‘उंबरठ्यावर’ उशिरा सुरू होते आणि समेची जागा चुकते. ऐकणाऱ्याला गायक लयीत मागे पडतो आहे असे वाटते. खरे कारण श्वासाची चुकीची जागा हे असते. म्हणून जिथे अक्षर लांबते तिथे अवग्रह (ऽ) घालून त्याच्यापुढे श्वासखूण द्यावी. भातखंडे पद्धतीतही लांबणारे अक्षर अवग्रहानेच दाखवतात, त्यामुळे ही खूण गायकाच्या परिचयाची असते. मात्र प्रत्येक लांबणाऱ्या अक्षरापुढे अवग्रह घालत सुटू नये. शब्दच ओळखू येईनासे होतात.

खूण कोणती वापरावी? पाश्चात्त्य स्वरलेखनात श्वासासाठी स्वल्पविरामासारखी खूण ओळीच्या वर देतात. मराठी गायनप्रतीत स्वल्पविराम वापरता येत नाही, कारण तो मुळातच विरामचिन्ह आहे आणि संहितेतला कोणता व श्वासाचा कोणता हे कळत नाही. दंड वापरावा तर तो चरणाचा समजला जातो किंवा तालाच्या विभागाचा. म्हणून खाली टोक असलेला कोन (∨) वापरावा, असे आम्ही सुचवतो. कागदावर पेन्सिलने तो सहज काढता येतो. पूर्ण, सावकाश श्वासाला ∨ आणि ज्याला गरज वाटेल त्यानेच घ्यावयाच्या ऐच्छिक श्वासाला कंसातील (∨) एवढ्या दोन खुणा पुरतात. श्वास मुद्दाम टाळायचा असेल तर दोन शब्दांमध्ये खालून जोडकंस (‿) द्यावा. तिन्हीपेक्षा अधिक खुणा घातल्या तर गायक त्या वाचत नाही. तो त्यांच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो.

समूहगायनात ऐच्छिक श्वासाचा उपयोग वेगळ्या प्रकारे होतो. लांब ओळ सलग ऐकू यावी अशी अपेक्षा असेल, तर शेजारी बसलेल्या दोघांनी एकाच वेळी श्वास न घेता आळीपाळीने घ्यावा. अशा ओळीत (∨) दोन ठिकाणी घालून विषम क्रमांकाच्या गायकांनी पहिल्या व सम क्रमांकाच्या गायकांनी दुसऱ्या ठिकाणी श्वास घ्यावा, अशी सूचना प्रतीच्या माथ्यावर एकदाच लिहावी.

४.६ देवनागरीच्या अडचणी

खुणा कुठे बसवायच्या हा प्रश्न रोमन लिपीपेक्षा देवनागरीत अवघड आहे. शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार असतात. खाली उकार असतात. श्वासखूण शब्दाच्या वर दिली की ती अनुस्वारासारखी किंवा अर्धचंद्रासारखी दिसू लागते. म्हणून ती शब्दांच्या मधल्या जागेत, अक्षरांच्या उंचीवरच, दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडून द्यावी. याच कारणाने शब्द अधोरेखित करू नयेत. रेघ उकारांना कापते.

दोन ओळींमधील अंतर दीडपट तरी असावे. अक्षराचा आकार पुस्तकातील बारा पॉइंटांऐवजी अठरा ठेवावा, कारण स्टँडवरचा कागद पुस्तकापेक्षा दूर असतो आणि रंगमंचावरचा उजेड बेभरवशाचा. या मापाने ए-फोर आकाराच्या पानावर सुमारे पंचवीस ओळी बसतात. आपल्या गीतासाठी तेवढ्या पुरतात. गीत मोठे असेल तर पान संपण्याची जागा संगीताच्या भागात यावी अशी मांडणी करावी. अंतऱ्याच्या मध्ये पान उलटायला लावू नये. जागा वाचवण्यासाठी दोन स्तंभ करणे हा वाईट मार्ग आहे. डोळा डाव्या स्तंभातून सरळ उजव्या स्तंभात जातो आणि पहिल्या अंतऱ्याची ओळ दुसऱ्याला जोडली जाते.

संगणकावर टंकलेखन करताना खूण आणि तिच्या आधीचा शब्द यांच्यामध्ये न तुटणारी मोकळी जागा द्यावी (वर्डमध्ये Ctrl+Shift+Space). साधी जागा दिली, तर ओळ मोठी झाल्यावर खूण पुढच्या ओळीच्या आरंभी जाऊन पडते आणि तिचा अर्थच बदलतो. तयार प्रत पीडीएफ स्वरूपात पाठवावी. युनिकोडपूर्व फाँटात टंकलेली प्रत दुसऱ्याच्या संगणकावर निरर्थक अक्षरांत उघडते. रंगांवर विसंबू नये. श्वासखुणा तांबड्या आणि विभागनावे निळी केलेली प्रत छायाप्रतीत सारखीच करडी होते.

आणखी एक गोष्ट खास मराठीची. आपल्या गीतात ‘घेउनी’, ‘काढुनी’, ‘ठाउक’, ‘पाउल’, ‘वातिस’ अशी ऱ्हस्व रूपे आहेत. ती मात्रांसाठी आहेत. टंकलेखकाने किंवा संगणकाच्या शुद्धिकारकाने ‘घेऊनी’, ‘पाऊल’, ‘वातीस’ असा ‘सुधार’ केला, तर ओळीत एक मात्रा वाढते आणि कागदावर विश्वासून गाणारा गायक तिथे अडखळतो. गद्यातले शुद्धलेखन इथे लावू नये. संहितेशी ताडून पाहताना ही रूपे प्रथम तपासावीत.

४.७ सुधारलेली प्रत

वरील निर्णय लागू करून तयार झालेली गायनप्रत अशी दिसेल. स्तंभाच्या रुंदीमुळे येथे विभागनावे ओळीच्या वर दिली आहेत. प्रत्यक्ष प्रतीत ती डाव्या समासात घ्यावीत.

ताल केरवा, लय ८०

मुखडा
[ विझला‿नाही ∨ दिवा तेवला ऽ ∨ ] २ वेळा
उंबरठ्यावर तिने ठेवला ऽ ∨
विझला‿नाही ∨ दिवा तेवला

संगीत, ४ आवर्तने

अंतरा १
वारा आला (∨) सरी घेउनी ∨
पाण्यामधुनी वाट काढुनी ∨
[ तळहाताच्या‿आडोशाला ∨
त्या ज्योतीने श्वास घेतला ऽ ∨ ] २ वेळा
विझला‿नाही ∨ दिवा तेवला

संगीत, ४ आवर्तने

अंतरा २
कोण यायचे (∨) ठाउक नव्हते ∨
वाटेवरती पाउल नव्हते ∨
[ तरी एकट्या‿काळ्या रात्री (∨)
तिनेच वातिस जीव लावला ऽ ∨ ] २ वेळा

शेवट
विझला‿नाही ∨
दिवा तेवला
दिवा तेवला ∨
दिवा तेवला ऽ ऽ

काही तपशील लक्षात घेण्याजोगे आहेत. पुनरावृत्तीच्या चौकटी कंसात शेवटची श्वासखूण कंसाच्या आत आहे. ती बाहेर ठेवली तर ओळ पहिल्यांदा संपून परत सुरू होताना श्वास घ्यायचा की नाही, हे कळले नसते. मुखड्याची शेवटची ओळ आणि अंतऱ्यानंतर परतणारी ओळ यांच्यापुढे श्वासखूण नाही, कारण त्यानंतर संगीत आहे आणि गायकाला हवा तेवढा वेळ मिळतो. दुसऱ्या अंतऱ्याच्या अखेरीस ‘रात्री’नंतरचा श्वास ऐच्छिक ठेवला आहे. वेळ आणि कृती यांच्यातील संबंध तिथे सैल आहे. श्वास घेतला तरी अर्थ तुटत नाही, न घेतला तर ओळ अधिक भारदस्त होते. तो निर्णय गायकाचा. मात्र न घेतल्यास त्याला चोवीस सेकंद काढावे लागतील, हे त्याने आधी आजमावून पाहावे. पहिल्या अंतऱ्यात त्याच जागी खूण पूर्ण आहे, कारण जोडकंसामुळे त्या ओळीत मधला श्वास आधीच नाकारला आहे.

शेवटच्या भागात तीन ‘दिवा तेवला’ वेगवेगळ्या ओळींवर आहेत. ते एका ओळीवर लिहिले असते तर कितवे चालू आहे याचा हिशेब गायकाला मनात ठेवावा लागला असता.

प्रत तयार झाल्यावर ती चाल माहीत असलेल्या व्यक्तीकडून तपासून घेऊ नये. तिला चुका दिसत नाहीत. ती स्मरणातून गाते. ज्याने चाल पूर्वी ऐकलेली नाही पण ताल धरता येतो, अशा व्यक्तीला प्रत द्यावी, टाळीवर केरवा धरावा आणि तिला शब्द केवळ लयीत म्हणायला सांगावे. गायनाची गरज नाही. ती ज्या ठिकाणी टाळी चुकते, किंवा जिथे तिचे डोळे वर जातात, त्या ठिकाणी पेन्सिलने खूण करावी. बहुधा दोन किंवा तीन जागा निघतात आणि त्या जवळजवळ नेहमीच पुनरावृत्तीच्या असतात.

स्वाध्याय

आपल्या आवडीचे एक भावगीत निवडा. ध्वनिमुद्रण ऐकून मुखड्याची प्रत्येक पुनरावृत्ती किती शब्दांची आहे ते लिहून काढा. नंतर गायकाने प्रत्यक्षात कुठे श्वास घेतला आहे त्या जागी खुणा करा आणि त्यांपैकी किती खुणा छंदाच्या यतीवर व किती वाक्याच्या जोडावर पडतात, ते मोजा. यती आणि अर्थ यांचा विरोध आलेली एक ओळ शोधून गायकाने तो कसा सोडवला, यावर दहा ओळी लिहा.